नव्या सप्लायरला पहिला मेसेज कसा लिहायचा? कॅटलॉग, किमान ऑर्डर आणि सँपल विचारण्याची नेमकी पद्धत

"पाऊच का रेट भेजो."

पॅकेजिंगचा माल विकणाऱ्या कुठल्याही व्यापाऱ्याच्या फोनमध्ये असे मेसेज ढिगाने सापडतील. पाठवणाऱ्याला वाटतं, साधा प्रश्न आहे, आकडा सांगायला काय जातंय? पण या प्रश्नाला आकडा नसतो. पाऊच केवढा, कशाचा, किती जाडीचा, प्लेन की छापलेला आणि किती नग, हे कळल्याशिवाय रेट सांगता येत नाही. मग समोरचा माणूस एक तर "किती पाहिजे?" असं उलट विचारतो किंवा काहीच उत्तर देत नाही. बऱ्याचदा दुसरंच घडतं.

घरगुती मसाले, लाडू, पिठं, लोणची विकणाऱ्यांना ही अडचण हमखास येते. सुरुवातीला जवळच्या बाजारातून शंभर पाऊच आणून काम भागतं. ऑर्डरी वाढल्या की थेट बनवणाऱ्याकडून किंवा मोठ्या होलसेलरकडून माल घ्यावासा वाटतो. तिथे पहिला मेसेज नीट गेला नाही, तर चांगला सप्लायर हातचा जातो. चुकीची माहिती गेली, तर न लागणारा माल घरात येऊन पडतो.

म्हणून आज एकच उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही कोल्हापुरात घरून कांदा-लसूण मसाला विकता. २५० ग्रॅमची पाकिटं, महिन्याला साधारण ४०० नग. आत्ता साध्या पारदर्शक पिशवीवर स्टिकर लावता. आता उभा राहणारा, झिप असलेला पाऊच हवाय, ज्याला बाजारात स्टँड-अप पाऊच म्हणतात. एका सप्लायरचा नंबर मिळालाय. त्याला काय लिहायचं?

मेसेज लिहिण्याआधी पट्टी आणि वजनकाटा घ्या

पहिली गोष्ट, "२५० ग्रॅमचा पाऊच" असं सांगून साईझ ठरत नाही. २५० ग्रॅम पोहे आणि २५० ग्रॅम मसाला यांना सारखी जागा लागत नाही. सप्लायर जेव्हा एखाद्या पाऊचला "२५० ग्रॅम" म्हणतो, तेव्हा त्याच्या डोक्यात कुठला तरी एक पदार्थ असतो. तो तुमचाच असेल असं नाही.

म्हणून बाजारातून कुठल्याही मसाल्याचा उभा राहणारा रिकामा पाऊच मिळवा आणि त्यात तुमचा २५० ग्रॅम मसाला भरून बघा. झिप सहज बंद होते का? वर सील मारायला बोटभर जागा उरते का? उरत असेल तर तोच पाऊच पट्टीने मोजा. रुंदी, उंची आणि तळाची घडी. या घडीला गसेट म्हणतात आणि तिच्यामुळेच पाऊच उभा राहतो. आपल्या उदाहरणात समजा, माप निघालं १४ सेंटिमीटर रुंद, २२ सेंटिमीटर उंच आणि तळाची घडी उघडल्यावर ८ सेंटिमीटर. काही सप्लायर हीच घडी "४+४" अशी लिहितात, काही नुसतं "४" लिहितात. त्यामुळे तुम्ही लिहिताना "घडी उघडून ८ सेंमी" असं स्पष्ट लिहिलेलं बरं.

दुसरी गोष्ट म्हणजे पदार्थाचं वर्णन. कोल्हापूर भागात कांदा-लसूण मसाल्याला घराघरांत 'चटणी' म्हणतात. वापी किंवा अहमदाबादच्या सप्लायरला तुम्ही "चटणीसाठी पाऊच" असं लिहिलंत, तर त्याच्या डोळ्यांसमोर हिरवी, पातळ चटणी येणार आणि तो तुम्हाला तोटी असलेला पाऊच दाखवणार. त्याला हवी असलेली माहिती वेगळी आहे. पदार्थ कोरडा आहे की ओला, त्यात तेल आहे का, वास उग्र आहे का. आपला मसाला भरड, तेलकट आणि वासाचा आहे. हे एका ओळीत लिहिलं की जाणकार सप्लायरला पुढचं समजतं. तेल बाहेर झिरपू नये आणि वास आत राहावा म्हणून अशा पदार्थाला एकाच प्लास्टिकचा पातळ थर पुरत नाही. दोन-तीन थर चिकटवलेली फिल्म लागते, ज्यातला एक थर चंदेरी असतो. त्यामुळे उजेडही आत जात नाही. मिरचीचा लाल रंग उजेडात हळूहळू उतरतो. म्हणून तपकिरी कागदी दिसणारा, खिडकीवाला पाऊच फोटोत कितीही छान दिसला तरी या मसाल्यासाठी मी तो पहिल्या यादीत ठेवणार नाही.

फिल्मचे थर किती मायक्रॉनचे हवेत, हे तुम्हाला ठाऊक असलंच पाहिजे असं नाही. पदार्थ नीट सांगा आणि "यासाठी तुमच्याकडे योग्य काय आहे?" असं विचारा. इंटरनेटवरून उचललेले तांत्रिक शब्द मेसेजमध्ये कोंबले, तर समोरचा तुम्हाला जाणकार समजून तेच देईल. चुकलं तर जबाबदारी तुमची.

किमान ऑर्डर: सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो

किमान ऑर्डर म्हणजे बाजाराच्या भाषेत एमओक्यू. सप्लायर यापेक्षा कमी माल देत नाही किंवा देतो तो वेगळ्या भावाने. अनेकांना वाटतं की हा आकडा छोट्या ग्राहकाला टाळण्यासाठी असतो. तसं नाही, तो बहुतेक वेळा मशीनमधून येतो.

छापील पाऊच मोठ्या प्रमाणावर बनवताना ग्रॅव्हर प्रिंटिंग वापरतात. त्यात डिझाइनमधल्या प्रत्येक रंगासाठी एक वेगळा धातूचा सिलिंडर कोरावा लागतो. सहा रंग असतील तर सहा सिलिंडर. त्याचा खर्च ग्राहकाकडून एकदाच घेतात, पण तो प्रत्येक सिलिंडरला काही हजार रुपयांच्या घरात जातो. शिवाय मशीन सुरू केल्यावर रंग एकमेकांवर नीट बसेपर्यंत बरीच फिल्म वाया जाते. ही फिल्म ५०० पाऊच करा किंवा ५०,००० करा, जवळपास तेवढीच वाया जाणार. त्यामुळे असा कारखाना नगांत बोलतच नाही, किलोत बोलतो. "किमान ३०० किलो" असं उत्तर आलं तर दचकू नका, पण हिशोब करा.

आपल्या पाऊचचाच करू. पुढची बाजू २२, मागची बाजू २२ आणि तळ ८, म्हणजे एकूण ५२ सेंटिमीटर लांब आणि १४ सेंटिमीटर रुंद फिल्म. ती झाली ७२८ चौरस सेंटिमीटर. तीन थरांची साधारण फिल्म घेतली आणि तिचं वजन चौरस मीटरला ९५ ग्रॅमच्या आसपास धरलं, तर एका पाऊचचं वजन येतं सुमारे ७ ग्रॅम. म्हणजे एका किलोत जवळपास १४० पाऊच. मग ३०० किलोत ४२,००० पाऊच.

तुम्हाला महिन्याला ४०० लागतात. ४२,००० पाऊच संपायला १०५ महिने, म्हणजे पावणेनऊ वर्षं!

एवढ्या काळात पत्ता बदलेल, फोन नंबर बदलेल, वजन २५० वरून २०० ग्रॅम करावंसं वाटेल, पाकिटावर छापायचे नियम बदलतील. यातलं एक जरी झालं तरी उरलेला सगळा माल रद्दी. प्रति नग भाव स्वस्त दिसतो म्हणून मोठी छापील ऑर्डर देणाऱ्यांचे पैसे नेमके इथे अडकतात. (पलंगाखाली, कपाटावर, माळ्यावर. घरगुती धंद्यात गोदाम म्हणजे हेच.)

मग छोट्यांनी काय करायचं? दोन मार्ग आहेत. एक, प्लेन तयार पाऊच घ्यायचे आणि स्वतःचं स्टिकर लावायचं. हे सप्लायरकडे तयार पडलेले असतात, त्यामुळे शंभर-पाचशे नगही मिळू शकतात. दोन, डिजिटल प्रिंटिंग. त्यात सिलिंडर लागत नाही, थेट फाईलवरून छापतात. त्यामुळे किमान ऑर्डर काही शेकडा ते काही हजार नगांवर येते. नगामागे भाव मात्र जास्त पडतो.

हे माहीत असलं की तुमचा प्रश्न बदलतो. नुसतं "एमओक्यू किती?" विचारलं तर "१०००" असं उत्तर येईल आणि तुम्हाला कळणार नाही की ते प्लेनचं आहे की छापीलचं, नगांत आहे की किलोत. दोन साईझ मिळून हजार की प्रत्येकी हजार, हेही कळणार नाही. २५० ग्रॅमसोबत १०० ग्रॅमचाही पाऊच घ्यायचा असेल तर या शेवटच्या मुद्द्यावर ऑर्डर दुप्पट होऊ शकते. म्हणून प्रश्न असा हवा: "प्लेन, डिजिटल छापील आणि ग्रॅव्हर छापील, यांत किमान ऑर्डर किती नगांची किंवा किलोंची? ती प्रत्येक साईझला वेगळी धरायची का?"

स्वतःचा आकडाही लिहा, आणि खरा लिहा. "महिन्याला ४०० नग लागतात, एका वेळी १००० पर्यंत घेऊ शकतो" असं लिहायला अनेकांना संकोच वाटतो. त्याऐवजी "पुढे खूप मोठी ऑर्डर देणार आहे" असं लिहिलं जातं. हे वाक्य सप्लायर रोज वाचतो आणि रोज सोडून देतो. खोटा मोठा आकडा दिला तर तो तुम्हाला मोठ्या ग्राहकाचा भाव सांगेल. प्रत्यक्ष ऑर्डर देताना भाव बदलेल आणि तुम्हालाच फसवल्यासारखं वाटेल. खरा आकडा दिला तर भला सप्लायर स्वतःच सांगतो, "तुम्ही आत्ता छापील घेऊ नका, प्लेन घ्या." किंवा आपल्याकडून माल घेणाऱ्या एखाद्या छोट्या होलसेलरचा नंबर देतो. तो नकारही उपयोगाचाच.

सँपल: कुठलं, किती आणि खर्च कुणाचा

सँपल मागताना "सँपल पाठवा" एवढंच लिहिलं तर तीन वेगळ्या गोष्टी येऊ शकतात. तुम्ही घेणार तोच प्लेन पाऊच, दुसऱ्या कुणासाठी छापलेला शिल्लक पाऊच किंवा तुमच्या डिझाइनचा छापून काढलेला नमुना. पहिल्याने मसाला टिकतो का, ते कळतं. दुसऱ्याने छपाईचा दर्जा कळतो. तिसरा पहिल्याच मेसेजमध्ये मागणं रीतीला धरून नाही, कारण त्याला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. ती गोष्ट भाव आणि प्रमाण ठरल्यानंतरची.

आपल्याला हवा आहे पहिला. किती नग? एक पुरत नाही. आठ-दहा मागा, कारण त्यांची परीक्षा घ्यायची आहे. दोन पाऊच भरून सील करा आणि पंधरा दिवस पांढऱ्या कागदावर आडवे ठेवा. कागदावर तेलाचा डाग आला तर पाऊच बाद. दोन भरून कपाटात बंद ठेवा आणि आठ दिवसांनी कपाट उघडल्यावर वास येतो का बघा. एक कंबरेच्या उंचीवरून तीन-चार वेळा पाडा, कारण कुरिअरवाले काही तुमचं पाकीट जपून ठेवणार नाहीत.

उरलेल्या पाऊचवर तुमचं सीलिंग मशीन तपासा. घरी वापरायचं हाताने दाबायचं छोटं मशीन पातळ पिशवीला चांगलं सील करतं. जाड, चंदेरी थर असलेल्या पाऊचला त्याची उष्णता कधी कमी पडते. वरून चिकटल्यासारखं दिसतं, पण दोन्ही बाजूंनी ओढलं की सुटतं. उष्णता वाढवली की फिल्म आकसते. तुमच्या मशीनवर हा पाऊच नीट सील होत नसेल, तर एक तर मशीन बदलायचं किंवा पाऊच. हे दहा सँपलवर कळणं आणि हजार पाऊच आल्यावर कळणं यात फार फरक आहे. आणखी एक गोष्ट, पाऊचच्या कडेला फाडायची बारीक खाच असते. सील त्या खाचेच्या वरच्या बाजूला बसायला हवं, नाही तर ती खाच निरुपयोगी. तेवढी जागा वर आहे का, तेही सँपलवरच बघून घ्या.

खर्चाचं काय? काही सप्लायर प्लेन सँपल मोफत देतात, कुरिअर तुमच्याकडून घेतात. काही दोन्हीचे पैसे घेतात आणि ऑर्डर दिल्यावर वळते करतात. तुम्ही स्वतःहून "सँपलचा आणि कुरिअरचा खर्च मी देईन, रक्कम कळवा" असं लिहिलंत, तर मेसेजचं वजन एकदम वाढतं. फुकट सँपल गोळा करणारे बरेच असतात, तुम्ही त्यातले नाही हे एका वाक्यात कळतं. आणि सँपलचे पैसे भरले म्हणून ऑर्डर द्यायलाच हवी, असं बंधन कुणावर येत नाही.

कॅटलॉग मागताना एक शब्द जास्त लिहा

कॅटलॉगची गोष्ट छोटी आहे. बहुतेकांकडे पीडीएफ असते आणि ती दोन-तीन वर्षं जुनी असू शकते. त्यातल्या निम्म्या साईझ स्टॉकमध्ये नसतात. म्हणून "कॅटलॉग आणि सध्या स्टॉकमध्ये असलेल्या साईझची यादी" असं मागा. त्यात भाव नसतील तर वावगं वाटून घेऊ नका. फिल्मचे दर वरखाली होतात, म्हणून छापील कॅटलॉगमध्ये भाव टाकणं कुणालाच परवडत नाही. पुढच्या बोलण्यात मात्र कॅटलॉगमधला कोड नंबरच वापरा. "तो चंदेरी झिपवाला" असे तीन असू शकतात.

आता प्रत्यक्ष मेसेज

ईमेल असेल तर विषयाच्या ओळीतच काम सांगा: "चौकशी: मसाल्यासाठी स्टँड-अप झिप पाऊच, १४ × २२ सेंमी, १००० नग". समोरचा माणूस विषय वाचूनच ठरवतो की हे कुणाकडे द्यायचं. मग पुढे:

> नमस्कार,
>
> मी कोल्हापूरहून लिहीत आहे. आमचा घरगुती कांदा-लसूण मसाल्याचा व्यवसाय आहे. आपला नंबर आपल्या वेबसाईटवरून मिळाला.
>
> आम्हाला २५० ग्रॅम मसाल्यासाठी झिप असलेला स्टँड-अप पाऊच हवा आहे. मसाला भरड, तेलकट आणि उग्र वासाचा आहे. आत्ता वापरात असलेल्या पाऊचचं माप रुंदी १४ सेंमी, उंची २२ सेंमी आणि तळाची घडी उघडून ८ सेंमी आहे. थोडा फरक असलेली आपली तयार साईझ चालेल. महिन्याला साधारण ४०० नग लागतात, एका वेळी १००० नग घेऊ शकतो.
>
> कृपया पुढील माहिती मिळेल का?
>
> १. आपला कॅटलॉग आणि सध्या स्टॉकमध्ये असलेल्या साईझची यादी. तेलकट मसाल्यासाठी आपण कोणता पाऊच सुचवाल?
>
> २. प्लेन, डिजिटल छापील आणि ग्रॅव्हर छापील पाऊचसाठी किमान ऑर्डर किती (नग किंवा किलो)? ती प्रत्येक साईझला वेगळी आहे का?
>
> ३. सुचवलेल्या प्लेन पाऊचचे १० नग सँपल म्हणून मिळू शकतील का? सँपलचा आणि कुरिअरचा खर्च मी देईन.
>
> पाऊच खाद्यपदार्थांसाठी योग्य असल्याचं प्रमाणपत्र आणि जीएसटी बिल मिळेल ना, तेही कळवावं. आमची जीएसटी नोंदणी नाही, बिल व्यक्तीच्या नावाने लागेल.
>
> आपल्या सोयीने उत्तर द्या. फोनवर बोलायचं असल्यास दुपारी २ ते ५ या वेळेत मी उपलब्ध असते.
>
> आपली,
> (नाव, व्यवसायाचं नाव, गाव, पिनकोड, मोबाईल)

पिनकोड मुद्दाम लिहिलाय. कुरिअरचा खर्च त्यावरूनच काढतात, नाही तर तेवढ्यासाठी आणखी एक मेसेज येतो.

या मजकुरात भाव किती, हा प्रश्न नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. कुठला पाऊच हेच ठरलेलं नाही, तर भाव कशाचा सांगणार? तरी तुम्हाला अंदाज हवाच असेल, तर दुसऱ्या प्रश्नात "५०० आणि १००० नगांना अंदाजे भाव" एवढं जोडा. घासाघीस मात्र या पत्रात नको. "बेस्ट रेट द्या", "लास्ट प्राइस काय" हे माल ठरल्यानंतर बोलायचं.

जीएसटी नोंदणी नसल्याचं का सांगायचं? कारण तो प्रश्न येणारच. नोंदणी नसलेल्यालाही बिल मिळतं, फक्त भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. त्यामुळे भाव विचारताना "करासहित की कर वेगळा" हे विचारून ठेवा. तुमच्यासाठी कर हा खर्चच आहे.

आणि खाद्यपदार्थांसाठी योग्य असल्याचं प्रमाणपत्र? भारतात खाद्यपदार्थांच्या पॅकेजिंगसाठी एफएसएसएआयचे २०१८चे वेगळे नियम आहेत आणि मसाला विकणारे म्हणून ते तुम्हालाही लागू होतात. चांगल्या सप्लायरकडे असा कागद तयार असतो, मागितल्याचं त्याला वाईट वाटत नाही. ज्याला वाटतं, त्याच्याबद्दल थोडं थांबून विचार करा.

व्हॉट्सॲपवर हेच कसं लिहायचं

व्हॉट्सॲपवर एवढं लांब पत्र जड जातं. पण तुकडे करून "नमस्कार", मग थांबून "आहात का?", मग "एक विचारायचं होतं" असं पाठवू नका. कामाच्या माणसाला पाच नोटिफिकेशन आले की तो वैतागतो. एकच मेसेज, एकच फोटो:

> नमस्कार. कोल्हापूरहून, घरगुती कांदा-लसूण मसाल्याचा व्यवसाय. २५० ग्रॅमसाठी झिपवाला स्टँड-अप पाऊच हवा आहे, १४ × २२ सेंमी, तळाची घडी उघडून ८ सेंमी. मसाला तेलकट आहे. एका वेळी १००० नग घेऊ शकतो. कॅटलॉग आणि स्टॉकमधल्या साईझ पाठवाल का? प्लेन आणि छापीलची किमान ऑर्डर किती? १० नग सँपल मिळतील का? खर्च मी देईन. पिनकोड खाली देते. सवडीने कळवा.

फोटो पट्टी शेजारी ठेवलेल्या भरलेल्या पाऊचचा असू द्या. दुसऱ्या ब्रँडच्या पाकिटाचा फोटो टाकून "सेम टू सेम पाहिजे" असं लिहिणं टाळा. तो पाऊच कदाचित लाखोंच्या संख्येत छापलेला असतो.

सप्लायर गुजरात, दमण किंवा दिल्लीचा असेल तर हाच मजकूर हिंदीत, याच क्रमाने लिहा. मराठीतला सौजन्याचा भाग मुळात 'कृपया' या शब्दात नसतो, क्रियापदात असतो. "पाठवा" आणि "पाठवाल का" यांत जो फरक आहे, तो पुरेसा आहे. 'आपण' की 'तुम्ही', यावर फार विचार करू नका. ईमेलमध्ये 'आपण' शोभतं, व्हॉट्सॲपवर 'तुम्ही' चालतं. एकाच मेसेजमध्ये दोन्हींची मिसळ मात्र वाचायला खटकते. प्रत्येक ओळीत 'सर' लिहायचीही गरज नाही. पलीकडे अनेकदा एखादी ताई बसलेली असते.

उत्तर आल्यावर

समजा, उत्तर आलं: "प्लेन १४ × २२ स्टॉक में है, एमओक्यू ५००. प्रिंटेड १०,००० पीस. सँपल मिल जाएगा, कुरिअर आपका." हे उत्तर चांगलं आहे. प्लेनचे ५०० नग म्हणजे तुमचा सव्वा महिन्याचा माल, म्हणजे झेपण्यासारखं. छापीलचे १०,००० म्हणजे २५ महिने, ते आत्ता सोडून द्या. पुढचा मेसेज फक्त आभार, सँपलचा पत्ता आणि "सँपल तपासायला साधारण तीन आठवडे लागतील, त्यानंतर कळवते" एवढाच. हे सांगितलं नाही तर चौथ्या दिवसापासून "मॅडम ऑर्डर का क्या हुआ" सुरू होतं, आणि त्यात त्याची चूक नसते.

सँपल आल्यावर पट्टीने पुन्हा मोजा. सांगितलेल्या मापापेक्षा दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे चालतात, पूर्ण सेंटिमीटर कमी असेल तर झिप बंद होणार नाही. ज्या सँपलवर समाधान झालं, त्यातला एक पाऊच तारीख लिहून बाजूला ठेवा. मोठा माल आल्यावर जाडी आणि रंग त्याच्याशी ताडून बघता येतो.

काही उत्तरं मात्र सावध करणारी असतात. सँपल द्यायला नकार, पण "आज ऍडव्हान्स टाका, उद्यापासून भाव वाढणार" अशी घाई. कंपनीच्या नावाऐवजी कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर पैसे मागणं. अशा वेळी जीएसटी नंबर मागा आणि जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर Search Taxpayer मध्ये टाकून बघा. लॉगिन लागत नाही. नोंदलेलं नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे दिसतं. नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात: महाराष्ट्र २७, गुजरात २४, गोवा ३०. "आमची फॅक्टरी वसईला आहे" म्हणणाऱ्याचा नंबर भलत्याच आकड्याने सुरू होत असेल तर विचारा. कारण खरंही असू शकतं, दुसऱ्या राज्यातली शाखा वगैरे. पण पैसे पाठवण्याआधी ते ऐकून घ्या.

उत्तरच आलं नाही तर? दोन-तीन कामाचे दिवस थांबा. मग तोच मेसेज पुन्हा न पाठवता, त्याच्याच खाली एक ओळ लिहा: "नमस्कार, वरील चौकशीबद्दल आपल्याला सवड झाली का? आमच्या प्रमाणात माल देणं शक्य नसेल तर तसं कळवलं तरी चालेल." नकाराची वाट मोकळी ठेवली की लोक जास्त सहज उत्तर देतात. त्यानंतरही काही आलं नाही तर एकदा फोन करा, सकाळी अकराच्या पुढे. तोपर्यंत आणखी दोन सप्लायरांना हेच पत्र गेलेलं असू द्या. मजकूर तोच ठेवलात तर तिघांची उत्तरं एकाच कागदावर शेजारी-शेजारी मांडता येतात. फक्त पाठवताना "आपला नंबर कुठून मिळाला" ही ओळ बदलायला विसरू नका.